सहाशे शब्द पाठ आहेत, तरी गणित का चुकतं?

"मॅडम, मी कागल तालुक्यातली. दहावीपर्यंत पूर्ण मराठी मीडियम, सायन्सला ८८ मार्क होते. आता कोल्हापुरात अकरावी सायन्सला आहे, सगळं इंग्लिशमध्ये. दादाने सांगितलं म्हणून मी वही केली, इंग्लिश शब्द आणि समोर मराठी अर्थ, ए टू झेड. सहाशे शब्द झालेत, रोज ३० पाठ करते. तरी लेक्चर डोक्यावरून जातं. युनिट टेस्टला गणित होतं, गाडी रेस्टमधून निघते, ॲक्सिलरेशन 2 m/s², फिफ्थ सेकंदात किती डिस्टन्स. मला फॉर्म्युला येत होता, मी २५ मीटर काढलं, सरांनी काट मारली. सर म्हणतात मराठी विसरा, इंग्लिशमध्ये विचार करा. वही चालू ठेवू का बंद करू? आणि अजून किती शब्द लागतील?"

तुझं गणित आधी बघूया, कारण पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. बरं झालं तू ते लिहिलंस, नुसतं "समजत नाही" लिहिलं असतंस तर मलाही अंदाजच करावा लागला असता.

प्रश्न असा असणार, मी तो ऐकू येतो तसा लिहिते: अ कार स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट अँड मूव्ह्ज विथ युनिफॉर्म ॲक्सिलरेशन, फाइंड द डिस्टन्स कव्हर्ड इन द फिफ्थ सेकंद. आता यात सायन्सचे शब्द किती? युनिफॉर्म, ॲक्सिलरेशन, डिस्टन्स. हे तिन्ही तुझ्या वहीत नक्की असतील, एकसमान, त्वरण, अंतर. आणि तू चुकलीस ती यातल्या एकातही नाही. तू s = ut + ½at² वापरलंस, u = 0 घेतलंस म्हणजे फ्रॉम रेस्ट तुला बरोबर कळलं, t = 5 घातलंस आणि उत्तर २५ आलं. गणित म्हणून ते अगदी बरोबर आहे, फक्त ते पाच सेकंदांत कापलेलं अंतर आहे आणि विचारलं होतं पाचव्या सेकंदात. म्हणजे चौथा सेकंद संपला तिथून पाचवा संपेपर्यंतच्या त्या एका सेकंदात. पाच सेकंदांत २५ मीटर, चार सेकंदांत १६ मीटर, वजा केलं की ९ मीटर. हेच मराठीत "पाचव्या सेकंदात" असं छापलं असतं तर तू अडखळली नसतीस, ८८ मार्क पाडणारी मुलगी "पाच" आणि "पाचव्या" यात गोंधळत नाही. पण "फिफ्थ" हा शब्द तुझ्या वहीत नाही, कारण तो सायन्सचा शब्द आहे असं तुला वाटलंच नाही, तो पाचवीच्या इंग्लिशमधला आहे ना.

म्हणून "अजून किती शब्द" याच्या आधी मला विचारायचंय की कुठले शब्द. मी इतकी वर्षं अकरावीला फिजिक्स शिकवलं, मराठी मीडियमहून आलेल्या मुलांचे पेपर तपासले, त्यातली बरीच मुलं मोमेंटम किंवा ग्रॅव्हिटेशनवर पडत नाहीत. ते शब्द मोठे दिसतात, भीती घालतात, म्हणून सगळे ते पाठ करतात, सर पण तेच फळ्यावर लिहितात. पडतात ती मुलं छोट्या शब्दांवर. ड्यू टू. पर युनिट. रिस्पेक्टिव्हली. प्रोव्हायडेड. निग्लेक्टिंग. विथ रिस्पेक्ट टू. हे शब्द कुणी शिकवत नाही कारण सायन्सच्या सरांना वाटतं ते इंग्लिशच्या मॅडमनी शिकवले असतील, आणि इंग्लिशच्या तासाला ते या अर्थाने येतच नाहीत. "विथ रिस्पेक्ट टू द ग्राउंड" वाचून मुलगी "आदर" शोधत बसते, तिथे अर्थ असतो "जमिनीच्या सापेक्ष". "निग्लेक्टिंग एअर रेझिस्टन्स" म्हणजे हवेचा रोध धरायचाच नाही, सोडून द्यायचा, ती गणित सोपं करणारी सूट आहे. आणि मुलं घाबरून विचार करतात की आता हवेचं काय करायचं.

आणि मग ओळखीचे शब्द, जे सगळ्यात जास्त फसवतात. मी स्वतः मराठी मीडियमची. अकरावीला रिफ्रॅक्शनच्या धड्यात वाचलं की किरण विरळ माध्यमातून घन माध्यमात जाताना "बेंड्स टुवर्ड्स द नॉर्मल". मला नॉर्मल म्हणजे नेहमीसारखा हे माहीत होतं. मी समजले किरण परत नेहमीसारखा होतो, म्हणजे सरळ जातो. तो नियम मी तसाच पाठ केला, आकृती वेगळं सांगत होती तरी. नॉर्मल म्हणजे आपली स्तंभिका, पृष्ठभागाला काटकोनात काढलेली रेषा, जी मी दहावीला शेकडो वेळा काढली होती, हे मला कुणीतरी दिवाळीनंतर सांगितलं. स्तंभिका हा शब्द माझ्याकडे होता, अपवर्तन माझ्याकडे होतं, नियम माझ्याकडे होता. फक्त "नॉर्मल" आणि "स्तंभिका" यांची गाठ पडली नव्हती. म्हणून मी तुला मराठी विसर असं कधीच सांगणार नाही. सरांचा हेतू चांगला आहे, त्यांना वाटतं तू मनात भाषांतर करतेस म्हणून मागे पडतेस, आणि पहिले काही महिने तसं होतंच. पण दहावीपर्यंत तुझ्या डोक्यात जे सायन्स पक्कं बसलंय ते मराठीत बसलंय. ते फेकून दिलंस तर इंग्लिश शब्द अडकवायला खुंटीच राहणार नाही.

वही बंद करू नकोस. पण ए टू झेड बंद कर, ते मात्र आजच.

ए टू झेडमध्ये शब्द धड्यातून सुटा होतो आणि सुट्या शब्दाला अर्थच नसतो. तुझ्या वहीत "सेल" समोर काय आहे? पेशी असेल. आणि इलेक्ट्रिसिटीच्या धड्यात सेल आला की तो विद्युत घट असतो. "बेस" केमिस्ट्रीत आम्लारी, त्रिकोणात पाया. "सोल्युशन" केमिस्ट्रीत द्रावण, मॅथ्समध्ये उकल. "पॉवर" फिजिक्समध्ये शक्ती, मॅथ्समध्ये घात. "प्रॉडक्ट" मॅथ्स आणि फिजिक्समध्ये गुणाकार, आणि केमिस्ट्रीत रासायनिक अभिक्रियेतून तयार होणारा पदार्थ. बघ, यात मराठी जास्त स्वच्छ आहे, प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द देते, इंग्लिश एकाच शब्दावर भागवते. तू एका ओळीत एक अर्थ लिहून पाठ केलास तर दुसऱ्या धड्यात तोच अर्थ तुला खड्ड्यात घालेल, आणि तुला कळणार पण नाही कारण तुला वाटत असेल हा शब्द तर मला येतो.

मग वही कशी करायची. धड्याप्रमाणे कर, आणि डिक्शनरीतून नको, पुस्तकातून कर. तुझं दहावीचं विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मराठीतलं घरी असेलच, रद्दीत दिलं असेल तर मैत्रिणीकडून घे. तेच पुस्तक बालभारतीचं इंग्लिशमध्ये पण आहे, ebalbharati.in वर पीडीएफ फुकट मिळते. ही दोन्ही पुस्तकं जुळी आहेत, तेच धडे, त्याच क्रमाने, त्याच आकृत्या. म्हणजे तुझ्या हातात आधीच दुभाषी पुस्तक आहे आणि ते कुठल्याही विकतच्या जाडजूड शब्दकोशापेक्षा तुझ्या कामाचं आहे, कारण त्यातलं मराठी तेच आहे जे तू शिकलीस. राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आहेत, ते चांगले आहेत, शिक्षकांनी जरूर बघावेत, पण तिथे एका इंग्लिश शब्दाला दोन तीन मराठी पर्याय असू शकतात आणि त्यातला एखादा तू कधी ऐकलेलाही नसतो. त्वरणालाच काही मराठी लिखाणात प्रवेग म्हटलेलं सापडतं. तुला कोशातला बिनचूक शब्द नकोय, तुला तुझ्या डोक्यातला शब्द हवाय.

सुरुवात ग्रॅव्हिटेशनने कर. भाग १ मधला पहिलाच धडा, गुरुत्वाकर्षण, आणि अकरावीच्या फिजिक्समध्ये पण हाच विषय परत येतो, जास्त खोलात. आधी मराठीतला धडा वाच, अर्धा तास, तो तुला येतोच, फक्त जागा कर. मग लगेच, त्याच बैठकीत, इंग्लिशमधला वाच. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मार, फक्त अडलेल्या, सगळ्या मोठ्या शब्दांखाली नाही. आणि मग त्या रेघांपैकी १५-२० वहीत घे, जास्त नको. ४० निघाले तर समज की तू धडा वाचत नाहीयेस, शब्द वेचतेयस.

वहीच्या पानावर प्रत्येक शब्दाला इंग्लिश स्पेलिंग, ऐकू कसा येतो ते देवनागरीत, मराठी पुस्तकातला शब्द, आणि पुस्तकातलं एक पूर्ण वाक्य जसंच्या तसं. इथे मी सगळं देवनागरीत लिहितेय पण तू स्पेलिंग इंग्लिशमध्येच लिही, पेपरमध्ये तेच लागणार. ऐकू येणारा उच्चार का, तर लेक्चरमध्ये स्पेलिंग दिसत नाही. पुस्तकात न्यूक्लिअस वाचलेली मुलगी सर "न्यूक्लिआय" म्हणाले की वेगळाच शब्द समजते, ते त्याचंच अनेकवचन आहे. रेडिअसचं रेडिआय तसंच.

आता ग्रॅव्हिटेशनच्या धड्यातलं एकच वाक्य घेते आणि ते माझ्यासमोर बसून वाचतेयस असं समज. न्यूटनचा नियम. इंग्लिशमध्ये साधारण असा ऐकू येतो: द फोर्स इज डिरेक्टली प्रपोर्शनल टू द प्रॉडक्ट ऑफ देअर मासेस अँड इन्व्हर्सली प्रपोर्शनल टू द स्क्वेअर ऑफ द डिस्टन्स बिट्वीन देम. मराठीत तू शिकलीस की हे बल त्या वस्तूंच्या वस्तुमानांच्या गुणाकाराशी समानुपाती आणि त्यांच्यातल्या अंतराच्या वर्गाशी व्यस्तानुपाती असतं.

शब्दाला शब्द लावत बसलीस की इथे गोंधळ होतो, कारण क्रम उलटा आहे. मराठीत आपण म्हणतो: त्यांच्यातल्या, अंतराच्या, वर्गाशी, व्यस्तानुपाती. इंग्लिशमध्ये हेच मागून पुढे येतं: व्यस्तानुपाती, वर्गाशी, अंतराच्या, त्यांच्यातल्या. म्हणजे असं वाक्य आलं की "ऑफ" आणि "टू" च्या नंतर आणि "बिट्वीन" च्या आधी थांबायचं, वाक्याचे तुकडे पाडायचे, आणि शेवटच्या तुकड्यापासून मागे वाचत यायचं. बिट्वीन देम, त्यांच्यातलं. डिस्टन्स, अंतर. स्क्वेअर ऑफ, त्याचा वर्ग. इन्व्हर्सली प्रपोर्शनल टू, त्याच्याशी व्यस्त. मराठी आपोआप तयार होतं. हे दहा वाक्यांवर पेन्सिलने उभ्या रेघा मारून केलंस की अकराव्याला रेघ लागत नाही. इंग्लिशमध्ये विचार करा म्हणजे काय हे सर सांगत नाहीत ना, ते माझ्या मते इतकंच आहे, वाक्य कुठून धरायचं ते कळणं.

आणि कळलं की नाही हे बघायला शब्दाचा अर्थ विचारू नकोस स्वतःला. विचार की अंतर दुप्पट केलं तर बल किती. वर्ग आहे म्हणून चौपट, व्यस्त आहे म्हणून कमी, म्हणजे एक चतुर्थांश. अंतर तिप्पट केलं तर एक नवमांश. ज्या मुलीने "इन्व्हर्सली" नुसतं "उलट" म्हणून पाठ केलंय आणि "स्क्वेअर" वाचून चौकोन आठवलाय ती इथे अर्धं म्हणते. हीच खरी परीक्षा.

त्या धड्याच्या पानावर मी आणखी काय घेतलं असतं ते सांगते, नमुना म्हणून. "ॲक्सिलरेशन ड्यू टू ग्रॅव्हिटी" हा अख्खा तुकडा एक शब्द म्हणून घ्यायचा, गुरुत्व त्वरण, आणि शेजारी लिहायचं ड्यू टू म्हणजे "मुळे", बाकी येणं नव्हे. त्याच्याखाली स्मॉल g आणि कॅपिटल G, कारण लेक्चरमध्ये दोन्ही "जी" च ऐकू येतात. स्मॉल g म्हणजे 9.8 m/s², जागेप्रमाणे थोडं बदलतं, चंद्रावर साधारण एक षष्ठांश. कॅपिटल G म्हणजे वैश्विक गुरुत्व स्थिरांक, तो कुठेही गेलं तरी तोच. सर "जी व्हॅरीज विथ हाइट" म्हणाले तर तो कुठला जी हे वाक्यावरून कळतं, स्थिरांक व्हॅरी होत नाही.

मग मास आणि वेट. हा तर मराठीत पण घोळ आहे. बाजारात आपण म्हणतो गुळाच्या ढेपेचं वजन पाच किलो, आणि फिजिक्सच्या भाषेत पाच किलो हे वस्तुमान आहे, मास. तिचं वजन, वेट, साधारण ४९ न्यूटन. म्हणून "वेट" समोर नुसतं "वजन" लिहून भागत नाही, "वजन, न्यूटनमध्ये" असं लिही, म्हणजे पेपरात किलो लिहायचा हात थांबेल.

"एस्केप व्हेलॉसिटी" ला मुक्तिवेग. "सेंट्रिपिटल फोर्स" ला अभिकेंद्री बल. इथे जरा थांब, मला हे फार आवडतं. सेंट्रिपिटल हा शब्द लॅटिनमधून आलाय आणि त्याचा अर्थ केंद्राकडे जायला बघणारा. अभिकेंद्रीचा अर्थ पण तोच, केंद्राकडचा. इंग्लिश मीडियमच्या मुलांना सेंट्रिपिटलमधून काही दिसत नाही, त्यांना तो पाठच करावा लागतो, आणि सेंट्रिफ्युगलशी गल्लत होते. तुला अभिकेंद्री आणि अपकेंद्री यांत दिशा ऐकू येते. मराठी बाजूला ठेवलीस तर हा फायदा पण बाजूला पडतो.

आणि पानाच्या अगदी खाली, वेगळ्या रंगाने, त्या धड्यातले छोटे शब्द. इनिशियली, सुरुवातीला. रिस्पेक्टिव्हली, अनुक्रमे, म्हणजे पहिला आकडा पहिल्याचा आणि दुसरा दुसऱ्याचा. प्रोव्हायडेड, या अटीवर. हे दर धड्याला पाच सहाच निघतील, आणि तेच तेच परत येतील, म्हणून तीन चार धड्यांनंतर हा भाग संपत येतो. अजून किती, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, मोठे शब्द प्रत्येक धड्याला नवे येत राहणार आणि त्याला इलाज नाही, पण तुला अडवणारे शब्द थोडे आहेत आणि ते लवकर संपतात.

प्रश्नपत्रिकेतली क्रियापदं पण त्याच रंगात घे. "स्टेट" म्हणजे नियम फक्त सांगा, स्पष्टीकरण लिहीत वेळ घालवू नका. "डिस्टिंग्विश" म्हणजे फरक. "डिराइव्ह" किंवा "ऑब्टेन ॲन एक्स्प्रेशन फॉर" म्हणजे सूत्र पायरी पायरीने काढून दाखवा, एक्स्प्रेशन म्हणजे चेहऱ्यावरचे भाव नव्हेत. मी पेपरात पाहिलंय, "ऑब्टेन ॲन एक्स्प्रेशन" ला मुलं व्याख्या लिहून पुढे जातात, त्यांना सूत्र काढता येत असतं तरी.

आता एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस पण मला खात्री आहे तू करत असणार, कारण सगळेच करतात. लेक्चर कळलं नाही की मोबाईलवर हिंदीतले व्हिडिओ. बघ, मी नको म्हणत नाही, काही फार छान शिकवतात. पण हिंदी आणि मराठीचे सायन्सचे शब्द सारखे दिसतात आणि अर्थ वेगळे असतात, आणि तिथे दुभाषी वहीचं त्रिभाषी कडबोळं होतं. आपल्याकडे ॲटम म्हणजे अणू आणि मॉलेक्यूल म्हणजे रेणू. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि मॉलेक्यूलला अणु. म्हणजे व्हिडिओतले सर "पानी का अणु" म्हणाले तर ते आपल्या भाषेत पाण्याचा रेणू सांगतायत. क्षाराचं तसंच. मराठीत आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी, म्हणजे क्षार हा सॉल्ट. हिंदीत सॉल्टला लवण म्हणतात आणि क्षार म्हणजे अल्कली, म्हणजे नेमकी दुसरी बाजू. प्रकाशाचं विकिरण आपण स्कॅटरिंगला म्हणतो, हिंदीत विकिरण म्हणजे रेडिएशन. आपली पेशी म्हणजे सेल, हिंदीत सेलला कोशिका आणि मांसपेशी म्हणजे स्नायू. एका मुलीने माझ्यासमोर मोल कन्सेप्टचं गणित पूर्ण उलटं केलं होतं, मी विचारलं अणू किती आणि रेणू किती, तिचा हिशोब पक्का होता, शब्द हिंदीतला होता. म्हणून हिंदी व्हिडिओ बघताना वहीत हिंदी शब्द अजिबात उतरवू नकोस, स्क्रीनवर आलेला इंग्लिश शब्द पकड आणि त्याला सरळ आपला मराठी शब्द लाव.

वही चालतेय की नाही हे ओळखायची एक खूण देते. अकरावीच्या पुस्तकातलं, तू न सोडवलेलं एक गणित उघड, पेन खाली ठेव, आणि मोठ्याने मराठीत सांग: काय दिलंय, काय विचारलंय, कुठली अट आहे. शेजारी मैत्रीण असेल तर तिला सांग, सकाळच्या कागल एसटीत बसून पण हे होतं, वही लागत नाही. तीन वाक्यांत सांगता आलं तर गणित सोडव. सांगता आलं नाही तर फॉर्म्युला लावूच नकोस, कुठल्या शब्दाशी थांबलीस तो बघ, तो वहीत जाईल. तुझं पाचव्या सेकंदाचं गणित या पायरीवर तिथल्या तिथे पकडलं गेलं असतं, कारण मराठीत सांगताना तुला "पाच सेकंदांत" किंवा "पाचव्या सेकंदात" यातलं एक तोंडाने म्हणावंच लागलं असतं.

उलट खूण पण आहे. वहीत शब्द वाढतायत, पाठ होतायत, इंग्लिश म्हटलं की मराठी फटकन येतंय, पण वाक्य सांगता येत नाहीये, तर ती वही शोभेची झाली. आणि दोन्ही बाजूंनी विचार, हे पण. लेक्चरला इंग्लिशवरून मराठी लागतं, पण पेपर लिहिताना मराठी सुचतं आणि इंग्लिश हवं असतं, ते वेगळं कौशल्य आहे. म्हणून आठवड्यातून एकदा इंग्लिश बाजू झाकून, मराठी शब्दावरून ते वहीतलं इंग्लिश वाक्य पूर्ण लिहून काढ. सुटा शब्द नको. "फोर्स इज डिरेक्टली प्रपोर्शनल टू" हा तुकडा हाताला बसला की त्यात तू त्वरण घाल, वस्तुमान घाल, काहीही घाल.

नीट, जेईई मेन मराठीत देता येते हे तुला कुणीतरी सांगेलच, आणि मग ही धडपड कशाला असं पण वाटेल. नीटला मराठी निवडलं तर पुस्तिकेत इंग्लिश आणि मराठी दोन्ही छापलेलं मिळतं, त्यामुळे पर्याय चांगला आहे. पण भाषांतरात शंका आली तर इंग्लिशमधला प्रश्न अंतिम धरतात, हा नियम आहे, आणि तुझी दोन वर्षांची लेक्चरं, प्रॅक्टिकलं, जर्नल सगळी इंग्लिशमध्ये असणार. ते फॉर्म भरायच्या वेळी ठरव, तोवर दोन्ही भाषांतले जुने पेपर शेजारी ठेवून वाचत जा, तेही जुळ्या पुस्तकांसारखंच काम करतात.

तुझ्यासारख्या अजून चार जणी वर्गात असतील, कागल, राधानगरी, पन्हाळा, कुठून कुठून आलेल्या. धडे वाटून घ्या, एकीने ग्रॅव्हिटेशन, एकीने ऑप्टिक्स, पण वाटलेलं पान तसंच्या तसं कॉपी करू नका, आधी प्रत्येकीने धडा वाचायचा, मग दुसरीचं पान बघून आपल्याला न अडलेलं खोडायचं. तुला जे अडत नाही ते तुझ्या वहीत कशाला. आणि हे वाचणारे अकरावीचे शिक्षक असतील तर त्यांना माझी विनंती, धडा सुरू करायच्या आधी फळ्याच्या कोपऱ्यात दहावीच्या मराठी पुस्तकातले आठ दहा शब्द लिहून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे, आणि "मराठीत याला काय म्हणायचा तुम्ही" असं एकदा विचारा. मागच्या बाकावरची मुलं तेव्हा पहिल्यांदा हात वर करतात.

ते सहाशे शब्द फाडू नकोस, मागे राहू दे, अडलं तर शोधायला होतील. या रविवारी गुरुत्वाकर्षणाचं एक पान कर, दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून. आणि कुठे अडलीस तर मला परत लिही, फक्त सुटा शब्द पाठवू नकोस, ज्या वाक्यात अडलीस ते पूर्ण वाक्य पाठव.